दीड हजारांतून एक

भारतात आज चाळीसहून अधिक फंड घराणी आहेत आणि त्यांच्या सगळ्या योजना मिळून आकडा दीड हजारांच्या पुढे जातो. पहिल्यांदाच म्युच्युअल फंडात पैसे टाकू पाहणाऱ्या माणसासमोर ॲप ही सगळी गर्दी एकदम आणून उभी करते. नावांखाली तारे, शेजारी हिरवे आकडे, वर ‘वर्षातले अव्वल फंड’ अशी पाटी. माणूस एक फंड उघडतो, दुसरा उघडतो, दोघांचे आकडे डोक्यात ठेवून तिसऱ्याकडे वळतो आणि अर्ध्या तासाने ‘रविवारी नीट बसून बघू’ म्हणत फोन बाजूला ठेवतो. असे रविवार मग बरेच येतात आणि जातात.

याला आळस म्हणून मोकळे होता येत नाही. अमेरिकेत पगारातून निवृत्तीसाठी पैसे कापून घेण्याची सोय असते. कंपनी काही फंडांची यादी देते आणि कर्मचाऱ्याने त्यातून निवडायचे असते. शीना अय्यंगार आणि त्यांच्या दोन सहकारी अभ्यासकांनी 2004 मध्ये अशा साडेसहाशेच्या आसपास योजनांमधल्या सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. यादीत दहा फंड वाढले की योजनेत येणाऱ्यांचे प्रमाण दीड-दोन टक्क्यांनी घसरते, असे त्यांना आढळले. अनेक ठिकाणी कंपनी स्वतःच्या खिशातून भर घालत होती, तीही लोकांनी सोडून दिली. तिथे जास्तीत जास्त यादी होती साठेक फंडांची. आपल्याकडे दीड हजारांची आहे.

या यादीतून वाट काढायची तर ती वरून खाली वाचायला लागायचेच नाही. फंडांची एकमेकांशी तुलना हे अगदी शेवटचे काम आहे. त्याआधी तीन-चार प्रश्न असे आहेत की त्यांची उत्तरे यादीत नसतात, आपल्याकडे असतात. आणि प्रत्येक उत्तरासरशी शेकडो नावे गळून पडतात. शेवटी जी उरतात ती इतकी सारखी असतात की त्यांतले कोणते घेतले याने फारसा फरक पडत नाही. हे कसे होते ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, साताऱ्यातल्या एका खासगी शाळेत शिकवणारी एकतिसेक वर्षांची शिक्षिका आहे. घरखर्च जाऊन तिच्याकडे महिन्याला पाच हजार रुपये उरतात. बचत खात्यात चाळीस हजार आहेत. मुलगी चार वर्षांची आहे, तिच्या कॉलेजसाठी काही बाजूला टाकावे असे तिच्या मनात आहे. शाळेतल्या सहकाऱ्याने एका ॲपचे नाव सांगितले, बँकेतल्या माणसाने ‘मॅडम, नवीन फंड आलाय, दहा रुपयाला मिळतोय’ असे सांगितले, आणि भावोजींचे म्हणणे स्मॉल कॅपशिवाय पर्याय नाही.

तिने ॲप उघडण्याआधी कॅलेंडर बघावे. हे पैसे लागणार कधी? मुलीच्या कॉलेजला चौदा वर्षे आहेत. पण घरात कुणी आजारी पडले किंवा शाळेने दोन महिने पगार थकवला तर लागणारे पैसे उद्याही लागू शकतात. म्हणजे पाच हजारांचे दोन वेगळे ढीग झाले आणि दोघांना एकच फंड चालणार नाही. नवखा माणूस अडकतो तो बऱ्याचदा इथेच. दोन वेगळ्या गरजा एकाच फंडाकडून भागवू पाहिल्या की प्रत्येक फंडात काहीतरी खोट दिसतेच.

शेअरच्या फंडात लवकर लागणारे पैसे का घालायचे नाहीत, याचे उत्तर निफ्टीच्या दोन घसरणी देतात. जानेवारी 2020 मधल्या उंचीवरून निफ्टी 23 मार्च 2020 पर्यंत सुमारे 38 टक्के खाली आला. त्या वेळी तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सावरला, म्हणून लोकांना ती घसरण सौम्य वाटते. 2008 ची घसरण तशी नव्हती. जानेवारीतल्या शिखरापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत साठ टक्क्यांच्या आसपास पडझड झाली. ती उंची पुन्हा दिसायला नोव्हेंबर 2010 उजाडला, आणि तिच्यावर पक्के पाय रोवायला 2014. ज्याला मार्च 2009 च्या सुरुवातीला फी भरायची होती, त्याच्या हातात एक लाखाचे चाळीस हजार आले असते. चौदा वर्षे हातात असणाऱ्याला असा काळ मधे आला तरी थांबता येते. साधारण पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे शेअर फंडात नकोत आणि सात-आठ वर्षांपुढच्या पैशांना तिथे जागा आहे, असे मी धरून चालतो. मधल्या काळासाठी ठाम उत्तर नाही. पहिल्या खरेदीत त्या वादात शिरूच नये.

शिक्षिकेने महिन्याचे तीन हजार मुलीसाठी आणि दोन हजार अडीनडीसाठी असे ठरवले. आता तीन हजारांसाठी यादीकडे वळता येईल.

यादी इतकी लांब दिसण्याचे एक कारण असे की एकच योजना तिथे निदान चार वेळा येते. पैसे एजंटामार्फत घातले की ‘रेग्युलर’, थेट घातले की ‘डायरेक्ट’. नफा फंडातच राहू दिला की ‘ग्रोथ’, मधूनमधून वाटून घेतला की IDCW. या दोन जोड्यांची चार पोटनावे झाली. IDCW ला आधी लाभांशाचा पर्याय म्हणत. वरून काही जादा मिळते असा त्याने समज व्हायचा म्हणून एप्रिल 2021 पासून नाव बदलले. प्रत्यक्षात ते आपल्याच युनिटांच्या किमतीतून काढून दिलेले पैसे असतात आणि त्यांवर करही लागतो. चौदा वर्षांनी पैसे हवे असणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही. ग्रोथ घ्यायचा, निम्मी यादी संपली.

डायरेक्ट की रेग्युलर याचा निकाल इतका झटकन लावता येत नाही. डायरेक्ट प्लॅन जानेवारी 2013 पासून मिळतात. फंड तोच, शेअर तेच, माणसे तीच. फक्त वितरकाचे कमिशन त्यात नसते, म्हणून वर्षाचा खर्च कमी. व्यवस्थापकाच्या निवडीवर चालणाऱ्या शेअर फंडांत हा फरक वर्षाला एक टक्क्याच्या घरात असू शकतो. महिन्याला तीन हजार, वीस वर्षे, वर्षाला 12 टक्के अशी वाढ निव्वळ हिशेबासाठी धरली तर सुमारे 30 लाख होतात. 11 टक्के धरली तर 26 लाखांच्या थोडे वर. भरलेली रक्कम दोन्हीकडे 7 लाख 20 हजारच. एक टक्क्याने पावणेचार लाख नेले. तरीही मी प्रत्येकाला डायरेक्टच घे म्हणून सांगणार नाही. बाजार तीस-चाळीस टक्के पडला की घाबरून सगळे विकून टाकणारी माणसे असतात. त्यांना त्या दिवशी फोन करून ‘थांबा’ म्हणणारा भला एजंट मिळाला, तर त्याचे कमिशन वसूल होते. मात्र वर्षातून एकदाही तोंड न दाखवणाऱ्या माणसासाठी वीस वर्षे टक्का देत राहण्यात अर्थ नाही. आपल्या शिक्षिकेला फोनवरचे व्यवहार जमतात आणि ती घेणार तो फंड साधा असणार आहे, तेव्हा डायरेक्ट.

आता प्रकार. ‘सेबी’ने ऑक्टोबर 2017 मध्ये योजनांचे वर्ग ठरवून दिले, ही नवख्यांसाठी फार सोयीची गोष्ट झाली. त्याआधी लार्ज कॅप नाव लावून मनाला येईल ते शेअर घेणारे फंड होते. आता बाजारमूल्यात पहिल्या शंभर कंपन्या लार्ज कॅप, पुढच्या दीडशे मिड कॅप आणि 251 व्या क्रमांकापासून खाली स्मॉल कॅप अशी व्याख्याच आहे, आणि बहुतेक वर्गांत प्रत्येक फंड घराण्याला एकच योजना ठेवता येते. या नियमाला दोन मोठे अपवाद आहेत: निर्देशांकावर चालणारे फंड, आणि एखाद्या उद्योगावर किंवा कल्पनेवर बेतलेले म्हणजे थीमॅटिक फंड. घराण्यांना नवीन काही विकायचे तर तिथेच मोकळे रान आहे, म्हणून अलीकडे याच दोन ठिकाणी नावांचे पीक आलेले दिसते.

थीमॅटिक फंड पहिल्या खरेदीच्या यादीतून सरसकट काढावेत. ‘वर्षातले अव्वल’ या पाटीखाली बहुधा तेच असतात आणि तिथे ते कसे पोचतात हे समजले की मोह सुटतो. सॉफ्टवेअर कंपन्यांचा निफ्टी आयटी हा निर्देशांक 2021 मध्ये साठ टक्क्यांच्या जवळपास चढला. डिसेंबर 2021 मध्ये एका वर्षाच्या परताव्याने यादी लावणाऱ्याला आयटीचे फंड वरच्या ओळीत दिसले असणार. पुढच्या वर्षी तोच निर्देशांक 26 टक्क्यांनी पडला. यादी बघून लाख रुपये त्या निर्देशांकावर लावणाऱ्याचे वर्षाने 74 हजार झाले असते. यादी खोटे बोलत नव्हती. जे घडून गेले ते ती सांगत होती, आणि वाचणारा त्यात पुढचे शोधत होता.

भावोजींच्या स्मॉल कॅपचेही तेच, जरा सौम्य प्रमाणात. लहान कंपन्या चढतात जोरात आणि पडतात त्याहून जोरात. आयुष्यातला पहिला फंड घेतल्यावर पहिल्याच वर्षी तो निम्म्यावर आला तर माणूस तो फंडच नव्हे, अख्खा बाजार सोडून जातो. करबचतीच्या ईएलएसएस फंडांचा प्रश्न याहून सोपा. त्यात पैसे तीन वर्षे अडकतात आणि ‘80सी’ म्हणून ओळखली जाणारी सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली घेतलेल्याला ईएलएसएस घ्यायला काही कारण उरत नाही.

बँकेतल्या माणसाच्या दहा रुपयांवर मात्र थोडे थांबू, कारण या आकड्याने फार लोकांना फसवले आहे. नव्या फंडाचे युनिट दहा रुपयाला आणि जुन्याचे दीडशेला, म्हणजे नवा स्वस्त, असे वाटणे साहजिक आहे. पण एकाच भाकरीचे चार तुकडे केले काय आणि आठ केले काय, पोटात जायची भाकरी तेवढीच. तीन हजारांत नव्याची तीनशे युनिटे येतील, जुन्याची वीस. दोघांकडचे शेअर दहा टक्के वाढले तर दोन्हीकडे तीन हजारांचे तेहतीसशेच होतील. नव्या फंडाच्या बाबतीत उलट एक गोष्ट कमीच असते: मागचा हिशेब. तो कसा चालवला जातो हे तपासायला काहीच हाती नसते. पहिल्या खरेदीला नवा फंड नको, एवढे ठरवले तरी पुष्कळ जाहिराती आपोआप गप्प होतात.

उरले काय? व्यवस्थापक निवड करतो ते लार्ज कॅप आणि फ्लेक्सी कॅप फंड, काही मिश्र फंड आणि निर्देशांकावर चालणारे फंड. इथे मी माझे मत सरळ सांगतो: पहिला फंड निर्देशांकाचा असावा. निर्देशांक फंडात व्यवस्थापक शेअर निवडत नाही. निफ्टी 50 मध्ये ज्या कंपन्या ज्या प्रमाणात आहेत, त्या त्याच प्रमाणात तो घेऊन ठेवतो, आणि वर्षातून दोनदा निर्देशांकातल्या कंपन्या बदलल्या की आपलीही यादी बदलतो. खर्च त्यामुळे कमी राहतो. व्यवस्थापकांच्या लार्ज कॅप फंडांपैकी निम्म्याहून अधिक फंड दीर्घ मुदतीत निर्देशांकाच्या मागे राहिल्याचे एसअँडपीच्या स्पिव्हा अहवालांत अनेकदा दिसून आले आहे. पुढे राहणारे फंडही असतात, यात वाद नाही. पण कोणता पुढे राहील हे आज ओळखायचे म्हणजे व्यवस्थापकाचा इतिहास, त्याची पद्धत, तो घराणे सोडून जाण्याची शक्यता असे सगळे तोलत बसावे लागते, आणि माणूस पुन्हा पहिल्या रविवारवर येतो. निर्देशांक फंडात हा प्रश्नच उद्भवत नाही. बाजाराला मिळेल ते आपल्याला, त्यातून थोडा खर्च वजा.

त्याच्या मर्यादा मात्र ठाऊक असाव्यात. निफ्टी 50 मध्ये एक तृतीयांशाच्या आसपास वजन बँका आणि वित्त कंपन्यांचे असते, आणि बाजार पडला की हा फंड पुरता पडतो. रोकड राखून घसरण सौम्य करण्याची मुभा त्याला नाही. सहा पायऱ्यांच्या जोखीममापकावर त्याचा काटा सर्वांत वरच्या, ‘अतिशय जास्त’ या पायरीवर असतो. आपले पैसे काही काळ निम्मे दिसले तर झोप उडेल असे ज्याला आत्ताच वाटते, त्याने रक्कम कमी करावी किंवा रोख्यांचाही भाग असलेला मिश्र फंड बघावा.

ॲपच्या शोधात Nifty 50 असे लिहिले की यादी पुन्हा उगवते, आणि त्यात काही सोंगे असतात. Nifty Next 50 हा पहिल्या पन्नासनंतरच्या कंपन्यांचा, बराच जास्त हेलकावे खाणारा निर्देशांक आहे. Nifty50 Equal Weight मध्ये कंपन्या त्याच पण प्रत्येकीला सारखे वजन. Nifty 500 मध्ये पाचशे कंपन्या. शिवाय ईटीएफ असतात, ज्यांना डिमॅट खाते लागते. यांतले काही वाईट नाही, पण आपण ठरवले ते हे नव्हे. खात्री करायला फंडाच्या पानावर ‘बेंचमार्क’ नावाची ओळ बघावी. तिथे Nifty 50 TRI एवढेच लिहिलेले हवे, आणि योजनेच्या पूर्ण नावाच्या शेवटी Direct Plan – Growth. टीआरआय म्हणजे कंपन्यांनी दिलेला लाभांश धरून मोजलेला निर्देशांक.

एवढ्या गाळणीनंतरही निफ्टी 50 चे दोन-तीन डझन फंड उरतात, कारण जवळपास प्रत्येक मोठ्या घराण्याचा एक असतो. आता कुठे फंडांची तुलना. ती दोन आकड्यांवर भागते. पहिला वार्षिक खर्च, म्हणजे एक्स्पेन्स रेशो. डायरेक्ट प्लॅनमध्ये निफ्टी 50 च्या फंडांचा तो साधारण 0.1 ते 0.4 टक्क्यांच्या पट्ट्यात सापडतो. दुसरा आकडा ट्रॅकिंग डिफरन्स: निर्देशांकाने जितके दिले त्याच्यापेक्षा फंडाने किती कमी दिले. निर्देशांक वर्षात 12.40 टक्के वाढला आणि फंड 12.15, तर फरक 0.25. खर्च 0.20 असेल तर हे ठीक, वरचे 0.05 शेअर घेण्या-विकण्यात आणि थोड्या पडून राहिलेल्या रोकडीत गेले. पण खर्च 0.20 दाखवणाऱ्या फंडाचा फरक वर्षामागून वर्षे 0.60 येत असेल तर कारभारात गळती आहे आणि तो फंड नको. हा फरक घराण्यांनी जाहीर करावा असे ‘सेबी’चे 2022 पासून बंधन आहे, तो त्यांच्या आणि ‘ॲम्फी’च्या संकेतस्थळावर मिळतो. शक्य तर तीन किंवा पाच वर्षांचा आकडा बघावा, एका वर्षात योगायोग असू शकतो. ट्रॅकिंग एरर हे नाव त्याच्या शेजारीच असते. तो फरक रोज किती डळमळतो याचे ते माप. पहिल्या खरेदीला डिफरन्स पुरे.

शिक्षिकेने पाच वर्षांहून जुने, हजार कोटींहून मोठे असे फंड घेतले आणि त्यांत खर्च व फरक दोन्ही कमी असलेले तीन निवडले. आता या तिघांत अडकायला होते. इथे आकडेमोड उपयोगी पडते. समजा त्यांत 0.1 टक्क्याचा फरक आहे. महिन्याला तीन हजार भरले तर पहिल्या वर्षात फंडात सरासरी एकोणीस-वीस हजार रुपये असतात. त्याचे 0.1 टक्के म्हणजे वीसेक रुपये. वर्षाचे. निवड चुकलीच तर नुकसान ते एवढे. दहा वर्षांनी फंडात सात लाख झाले तर वर्षाला सातशे. पण तोपर्यंत पुढच्या हप्त्यांसाठी दुसरा फंड घ्यायला कुणी अडवलेले नसते. उलट ठरवण्यातच सहा महिने गेले तर अठरा हजार रुपये बचत खात्यात पडून राहतात, आणि बहुधा खर्चही होतात. या टप्प्यावर तिघांपैकी ज्याचे ॲप किंवा संकेतस्थळ आपल्याला नीट वापरता येते तो घ्यावा. हे कारण पुरेसे आहे.

इथे एक पळवाट दिसते: निवडता येत नाही तर तिन्ही घ्या, हजार-हजार. जोखीम वाटली गेली असे समाधान मिळते, पण तिन्ही फंडांत तेच पन्नास शेअर त्याच प्रमाणात आहेत. व्यवस्थापकांच्या फंडांतही थोड्याफार फरकाने असेच दिसते. दोन लार्ज कॅप फंडांची महिन्याची गुंतवणूक-यादी शेजारी ठेवली तर पहिल्या दहा नावांत एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स ही नावे दोन्हीकडे भेटायची शक्यता दांडगी. तीन फंड घेतल्याने सांभाळायची खाती वाढतात, कराच्या वेळी हिशेब वाढतो, बाकी काही वाढत नाही.

दुसरा फंड घ्यायचा तो दुसऱ्या गरजेसाठी. शिक्षिकेचे दोन हजार रुपये, जे केव्हाही लागू शकतात, त्यांच्यासाठी लिक्विड फंड हा वर्ग आहे. तो 91 दिवसांच्या आत परत मिळणाऱ्या कर्जरोख्यांत पैसे ठेवतो. पैसे काढायला सांगितले की साधारण पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येतात, फक्त पहिल्या सात दिवसांत काढले तर नाममात्र भार पडतो. इथेही निवडीचा प्रश्न लांबवू नये: मोठा, जुना, कमी खर्चाचा आणि ज्याच्या यादीत सरकारी हुंड्या व नावाजलेल्या कंपन्यांचेच कागद आहेत असा एक. इतरांपेक्षा ठळक जास्त परतावा दाखवणारा लिक्विड फंड दिसला तर तो मुद्दाम टाळावा, कारण तो जादा अंश बहुधा कमी दर्जाच्या कागदांतून आलेला असतो. आणि हेही नको वाटले तर बँकेतली आवर्ती ठेव चालेल. ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे, लिक्विड फंडाला तसे काही नाही, आणि दोघांच्याही मिळकतीवर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणेच कर लागतो. माझ्या मते बचत खात्यात निदान तीन महिन्यांचा खर्च जमेपर्यंत हा दुसरा फंड थोडा थांबला तरी चालेल. पहिला थांबू नये.

प्रत्यक्ष खरेदी त्यामानाने किरकोळ. पॅन, आधार आणि बँक खाते घेऊन केवायसी करायचे. पॅनवरचे नाव आणि बँकेतले नाव यांत फरक असेल, लग्नानंतर बऱ्याच जणींचा असतो, तर काम तिथेच अडते, म्हणून ते आधी बघून घ्यावे. वारसाचे नाव लगेच लावावे. मासिक हप्त्याची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांनी ठेवावी. शाळेचा पगार कधी पाचला तर कधी आठला होतो, तर दहा तारीख बरी. खात्यात पैसे नसताना हप्ता आला तर फंड काही दंड करत नाही, पण बँक आकारते.

पहिले विवरणपत्र आले की त्यात तीन हजारांऐवजी 2,999.85 रुपये गुंतवल्याचे दिसेल. पंधरा पैसे मुद्रांक शुल्काचे आहेत. जुलै 2020 पासून प्रत्येक खरेदीवर 0.005 टक्के कापले जातात. युनिटाचा भाव त्या दिवशी दीडशे असेल तर नावावर 19.999 युनिटे जमा होतील. दुसऱ्याच आठवड्यात भाव 147 झाला तर साठ रुपये कमी दिसतील. त्यावर काही करायचे नसते. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये कराची कागदपत्रे काढली जातात तेव्हा, निर्देशांकाशी असलेला फरक पुन्हा तपासावा. तो सलग दोन-तीन वर्षे वाढत गेला, किंवा घराण्याने योजना दुसऱ्या योजनेत विलीन केली, तर नवे हप्ते दुसऱ्या निफ्टी 50 फंडाकडे वळवावेत. जुनी युनिटे मात्र घाईने विकू नयेत. वर्षभराहून जुन्या युनिटांवरच्या नफ्याला, आर्थिक वर्षात एकूण सव्वा लाखाच्या वर गेला तर, 12.5 टक्के कर आहे आणि वर्षाच्या आतल्या नफ्याला 20 टक्के. वीस रुपयांचा फरक वाचवायला एवढा कर भरणे परवडत नाही. ती जिथे आहेत तिथे राहिली तरी वाढतच राहतात, फक्त त्यांचा हप्ता बंद झालेला असतो.